लग्नाच्या जुन्या फोटोत भटजी कोण, वधूपिता कोण? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दादरला माझ्याकडे ओळखीपाळखीतली माणसं जुने फोटो घेऊन येतात. ट्रंकेच्या तळाशी सापडलेले, कोपरे दुमडलेले, मागं काहीही न लिहिलेले. बहुतेक लग्नाचे असतात, चाळीच्या चौकात किंवा गच्चीवर मांडव घालून लागलेल्या लग्नांचे. त्यातले चेहरे ओळखणारी शेवटची माणसं आता ऐंशीच्या पुढं गेली आहेत. चेहरा ओळखता येत नसला तरी पेहराव आणि जागा यांवरून कोण कोणाच्या नात्यानं उभा आहे हे बरंच सांगता येतं. मला येणारे तेच तेच प्रश्न आणि त्यांची माझी उत्तरं इथं एकत्र केली आहेत. मुख्यतः मुंबईतल्या मराठी हिंदू लग्नांबद्दल लिहिलं आहे, कारण सगळ्यात जास्त चुका तिथंच होताना पाहते. इतर लग्नांबद्दल एक प्रश्न शेवटाकडे घेतला आहे.

फोटो हातात आल्यावर आधी काय शोधायचं?

मुंडावळ्या. कपाळावर आडवी बांधलेली आणि दोन्ही कानांजवळून खाली सोडलेली मोत्यांची किंवा फुलांची सर. ती ज्या दोन डोक्यांवर आहे ते वधू-वर. बऱ्याच घरांत मुंडावळ्यांऐवजी बाशिंग असतं, कपाळावर उभं राहणारं, चमचमणारं. तेही नवरदेवाचंच लक्षण, काही घरांत नवरीलाही बांधतात.

हार पाहून मात्र ठरवू नका. व्याह्यांच्या भेटीत व्याह्यांच्याही गळ्यात हार पडतात. डोक्यावरच्या फेट्याचंही तसंच, मांडवातल्या पंधरा पुरुषांच्या डोक्यावर फेटे किंवा टोप्या असू शकतात. काही घरांत नवरदेवासोबत त्याच्यासारखाच नटवलेला लहान मुलगा असतो, तो करवला. त्याच्याही डोक्यावर फेटा असतो आणि तो नवऱ्याला अगदी चिकटून बसतो, म्हणून धाकटा भाऊ समजून त्याचं नाव तसंच लिहिलं जातं. तो भाचा किंवा पुतण्याही असू शकतो.

मुंडावळ्या एकाच डोक्यावर दिसल्या आणि ते डोकं आठ-दहा वर्षांच्या मुलाचं असलं, तर तो फोटो लग्नाचा नाही, मुंजीचा आहे. चकोट केलेलं डोकं, शेंडी, कमरेला लंगोटी किंवा छोटं सोवळं आणि हातात दंड, यांतलं काहीतरी दिसेलच. मुंजीच्या फोटोत मुलाशेजारी बसलेलं जोडपं पाहून त्यांनाच नवरा-नवरी समजल्याचं मी दोनदा पाहिलं आहे. ते मुलाचे आईवडील असतात.

उघड्या अंगाचा, धोतर नेसलेला, जानवं घातलेला माणूस म्हणजे भटजीच ना?

नाही. सगळ्यात जास्त चुका इथंच होतात, म्हणून हे जरा सविस्तर सांगते.

लग्नाच्या धार्मिक भागात कन्यादान करणारा वधूपिता सोवळ्यात असतो. कमरेला मुकटा किंवा कद, म्हणजे रेशमी सोवळं, अंग उघडं, खांद्यावर उपरणं, कपाळाला गंध. होमाच्या वेळी कित्येकदा नवरदेवही तसाच. आणि भटजी? मुंबईच्या फोटोंत भटजींच्या अंगात बऱ्याचदा सदरा किंवा बंडी असते, डोक्यावर टोपी असते. म्हणजे सगळ्यात ‘भटजीसारखा’ दिसणारा माणूस वधूचा बाप निघतो, आणि सदरा घातलेल्या माणसाला आपण कुणीतरी काका समजून सोडून देतो.

ही चूक मी स्वतः केली आहे. नात्यातल्या एका मावशींच्या घरच्या लग्नाचे फोटो लावून मी एक वही तयार केली होती, प्रत्येक फोटोखाली नीट अक्षरात ओळी लिहून. एका फोटोतल्या सोवळ्यातल्या गृहस्थांखाली मी ‘भटजी’ असं लिहिलं. मावशींनी वही उघडली, त्या फोटोवर बोट ठेवलं आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “अगं, हे माझे वडील.” त्यांच्याकडे वडिलांचा तो एकच फोटो होता. मी ती ओळ खोडून पुन्हा लिहिली, पण त्यांचा चेहरा मला विसरता आलेला नाही. तेव्हापासून कपड्यांवरून भटजी ठरवणं मी बंद केलं.

मग भटजी ओळखायचे तरी कशावरून?

हात, नजर आणि बैठक यांवरून.

यजमान, म्हणजे ज्याच्या हातून विधी होतो तो, पाटावर बसतो आणि त्याच्यासमोर पूजेचं सामान असतं. भटजी त्याच्या बाजूला, साधारण काटकोनात बसतात. सगळे एका दिशेला तोंड करून बसलेले असताना एकच माणूस आडवा बसलेला दिसला, की तो पुरोहित असण्याची शक्यता फार मोठी. त्याच्या मांडीवर किंवा समोर पोथी असेल. तोंड अर्धवट उघडं असेल, कारण मंत्र चालू आहेत. नजर पोथीवर असेल, नाहीतर यजमानाच्या हातावर. पाणी नेमकं कुठं सोडतोय, अक्षता वेळेवर टाकतोय का, याकडे त्यांचं लक्ष असतं. यजमानाची नजर मात्र भटजींच्या तोंडाकडे किंवा स्वतःच्या ओंजळीकडे असते. पुढं काय करायचं ते त्याला समजून घ्यायचं असतं.

पळी ज्याच्या हातात आहे तो बहुधा यजमान, कारण आचमन तो करतो. अनामिकेत दर्भाचं पवित्रक दिसलं तर त्यावरून निर्णय करू नका, ते दोघांच्याही बोटात असू शकतं.

माझ्या लेखी सगळ्यात भरवशाची खूण मात्र बायकोचा हात. विधी चालू असताना यजमानाची पत्नी शेजारी बसून त्याच्या उजव्या हाताला हात लावते. “हाताला हात लावा” हे वाक्य प्रत्येक मराठी घरातल्या पूजेत कानावर पडतंच. सोवळ्यातल्या एखाद्या माणसाच्या कोपराला किंवा मनगटाला शेजारच्या बाईच्या बोटांचा स्पर्श दिसला, तर तो भटजी नव्हे. भटजींची पत्नी तिथं बसलेलीच नसते.

कन्यादानाच्या फोटोत एकमेकांखाली इतके हात असतात. कोणाचा कुठला?

पाण्याची धार शोधा आणि ती वरून खाली वाचत या. झारीतून किंवा तांब्यातून धार धरणारी बाई ही वधूची आई. ज्याच्या ओंजळीतून ते पाणी पुढं पडतं तो वधूचा बाप. ते घेणारे खालचे हात वधू-वरांचे, आणि सगळ्यांच्या खाली पाणी झेलायला काशाचं भांडं असतं. भटजी या हातांच्या उतरंडीत नसतात, ते बाजूला असतात. फार तर त्यांचा एक हात कुणाचंतरी मनगट धरून जागेवर आणताना दिसतो.

वधूचे वडील हयात नसले, किंवा आईवडिलांपैकी एकच असलं, तर कन्यादानाला काका-काकू, मामा-मामी किंवा थोरला भाऊ आणि वहिनी बसलेली असतात. म्हणून फोटोखाली ‘वधूचे वडील’ असं एकदम लिहू नका. ‘कन्यादान करणारे’ असं लिहा आणि नातं नंतर घरच्यांकडून पक्कं करून घ्या. जुन्या काळात वैधव्य आलेल्या आईला या विधीत बसू दिलं जात नसे. नवरीची खरी आई अशा फोटोत मागच्या दारात, कपाळावर कुंकू नसलेली, अर्धीच दिसते. तिला ‘पाहुण्या’ म्हणून मोजू नये असं मला फार वाटतं. कडेला उभ्या असलेल्या प्रत्येक बाईचा चेहरा नवरीच्या चेहऱ्याशी लावून पाहा.

अंतरपाटाच्या फोटोत कोण कुठं उभं असतं?

मधे धरलेलं कापड, त्यावर कुंकवाचं स्वस्तिक, दोन बाजूंना पाटावर वधू आणि वर. कापड धरणारे दोघं हे भटजीच असतील असं नाही. कधी दोन्ही टोकांना भटजी असतात, कधी एका टोकाला भटजी आणि दुसऱ्या टोकाला घरातलं कुणी. मंगलाष्टकं म्हणणारा पाहायचा. तोंड उघडं, हातात कागद किंवा छोटं पुस्तक. पण मंगलाष्टकं म्हणायला आत्या, काकाही पुढं होतात, म्हणून हा पुरावा एकटा पुरा पडत नाही.

नवरीच्या मागं उभा असलेला पुरुष म्हणजे तिचा मामा. तिला हाताला धरून बोहल्यावर आणतो तो, आणि कित्येक घरांत तिची पिवळी साडीही त्याच्याकडून आलेली असते. मागं उभा असलेला हा माणूस बाप समजला जातो, वयही तसंच असतं. बाप शोधायचा तर सोवळ्यात शोधा, कारण पुढं लगेच कन्यादान आहे. मामा कोट-टोपीत किंवा धोतर-सदऱ्यात असतो.

मागं हातात दिवा किंवा कलश घेतलेली मुलगी ही करवली, बहुधा बहीण. ती नवरीइतकीच नटलेली असते, हिरव्या बांगड्या तिच्याही हातात असतात, कारण चुडा भरायला बसल्यावर घरातल्या सगळ्या बायका भरून घेतात. तिच्या कपाळावर मुंडावळ्या नाहीत, एवढाच फरक कधी कधी उरतो.

नवरीची आई या फोटोत सापडली नाही तर घाबरू नका. कित्येक घरांत मंगलाष्टकं चालू असताना ती तुळशीला पाणी घालत असते.

नवरी वराच्या डावीकडे असते की उजवीकडे?

दोन्हीकडे असते, आणि त्यावरून फोटो कधीचा ते कळतं. कन्यादान, होम, पूजा अशा कर्मांत पत्नीनं पतीच्या उजवीकडे बसायचं. आशीर्वाद घेताना, जेवताना ती डावीकडे येते. सप्तपदीनंतर नवरी वामांगी झाली असं म्हणतात ते याच अर्थानं. म्हणून विधीच्या फोटोत नवरी उजवीकडे, आणि खुर्च्यांवर बसून आहेर घेतानाच्या फोटोत डावीकडे, असं पाहायला मिळतं. संध्याकाळच्या खुर्च्यांच्या बाबतीत मात्र फोटोग्राफरनं सोयीनं कुठंही बसवलेलं असतं, तिथं या नियमाचा आधार घेऊ नका.

एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिथं गोंधळ उडतो. उजवीकडे म्हणजे त्याच्या उजव्या हाताला. ती दोघं कॅमेऱ्याकडे तोंड करून बसली असतील, तर त्याची उजवी बाजू आपल्याला फोटोत डावीकडे दिसते. पाठमोरी असतील तर उजवीकडे. आधी त्यांचं तोंड कुठं आहे ते पाहा, मग बाजू मोजा.

सगळं जुळतं, पण बाजू उलट्या येतात. असं का?

फोटोच उलटा छापलेला असू शकतो. निगेटिव्हच्या दोन बाजूंपैकी एक चकचकीत आणि एक मंद असते. छापताना ती पालथी ठेवली गेली, की सगळं चित्र आरशात दिसावं तसं येतं. हल्ली घरी निगेटिव्ह स्कॅन करतानाही हीच चूक होते. चेहऱ्यांवरून ती कळत नाही, आणि नातलगांनाही कळत नाही.

मराठी लग्नाच्या फोटोत ती ओळखायला एक उत्तम खूण आहे, जानवं. जानवं डाव्या खांद्यावरून उजव्या काखेखाली जातं. माणूस आपल्याकडे तोंड करून असेल तर ते फोटोत वर उजवीकडून खाली डावीकडे उतरताना दिसायला हवं. ते उलट दिसलं तर फोटो उलटा आहे. श्राद्धातल्या पितृकर्मात जानवं उजव्या खांद्यावर घेतात, पण लग्नाच्या फोटोत तो प्रश्न येत नाही.

जानवं दिसत नसेल तर पाहुण्यांकडे या. कोटाचा छातीवरचा खिसा डावीकडे असतो. मनगटी घड्याळ बहुतेक जण डाव्या हाताला बांधतात, एकाचं उजव्या हाताला दिसलं तर काही नाही, तिघांचं दिसलं तर विचार करा. मांडवावरची पाटी, डब्यावरची अक्षरं भिंगातून पाहा. साडीच्या पदरावर भिस्त ठेवू नका, कारण गिरगावातल्या चाळीच्या फोटोत गुजराती पद्धतीनं नेसलेल्या शेजारणी असतात आणि त्यांचा पदर उजव्या खांद्यावरून पुढं येतो. अंतरपाटावरच्या स्वस्तिकावरूनही ठरवू नका. पातळ कापडातून ते मागच्या बाजूनंही दिसतं, आणि मागून ते उलटंच दिसणार. फोटोच्या पुठ्ठ्यावर स्टुडिओचं नाव सरळ आहे म्हणजे फोटो सरळ आहे, असंही नाही. ते नाव छपाईनंतर पुठ्ठ्यावर उमटवलेलं असतं.

एखादा फोटो पहिल्यापासून शेवटपर्यंत उलगडून दाखवाल का?

गेल्या वर्षी आलेला एक सांगते. तळहाताएवढा, काळा-पांढरा, दातेरी कडांचा. मागं काही नाही. घरच्यांना एवढंच माहीत होतं की गिरगावातल्या चाळीच्या चौकातलं लग्न आहे आणि नवरी त्यांची आजी. आजी कुठली, यावर दोन भावांचं एकमत नव्हतं. फोटोत अकरा माणसं होती.

मी मुंडावळ्यांपासून सुरुवात केली. भिंगातून दोन डोक्यांवर त्या दिसल्या, एक टोपीखालून आलेली आणि एक खाली झुकलेल्या मुलीच्या कपाळावर. धाकट्या भावानं जिला आजी म्हटलं होतं ती शेजारची, जास्त दागिने घातलेली मुलगी होती. तिच्या हातात तांब्यावर ठेवलेला दिवा होता. ती करवली. आजी ही मान खाली घातलेली.

मग उघड्या अंगाचे पुरुष. दोन होते. एक पाटावर, कॅमेऱ्याकडे तोंड करून, ओंजळ पुढं केलेली. घेरा ठेवलेला, शेंडी स्पष्ट दिसत होती, आणि म्हणून सगळं घर त्यांना ‘भटजीबुवा’ म्हणत आलं होतं. दुसरा बाजूला आडवा बसलेला, चष्मा लावलेला, केस नीट कापलेले. त्याला सगळे आजीचे वडील समजत. पण चष्मेवाल्याच्या मांडीवर लांबट पानांची पोथी उघडी होती आणि त्याचं बोट एका ओळीवर होतं. पहिल्याच्या कोपराला मात्र शेजारच्या बाईची दोन बोटं टेकलेली होती. तिच्या दुसऱ्या हातात झारी. म्हणजे कन्यादान चालू होतं, आणि शेंडीवाले गृहस्थच आजीचे वडील. त्या काळी घेरा-शेंडी ठेवणारे गृहस्थ आणि केस कापलेले भटजी, दोन्ही मुंबईत होते.

एक गोष्ट अडत होती. त्यांची बायको फोटोत आपल्या उजव्या हाताला दिसत होती, म्हणजे त्यांच्या डावीकडे. कन्यादानात ती उजवीकडे हवी. घरची पद्धत वेगळी असेल असं म्हणून मी सोडणार होते. मग जानव्याकडे पाहिलं. ते वर डावीकडून खाली उजवीकडे उतरत होतं. चष्मेवाल्याचंही उलट्या खांद्यावर. मागं उभ्या असलेल्या कोटवाल्याचा खिसाही चुकीच्या बाजूला. फोटो उलटा छापलेला होता. मी तो मोबाइलवर आडवा पलटून दाखवला आणि बायको आपोआप नवऱ्याच्या उजवीकडे आली, नवरीही वराच्या उजवीकडे.

राहिले पाच. नवरीमागं उभा असलेला कोट-टोपीतला माणूस मामा, असं मी ‘बहुधा’ जोडून लिहिलं. उरलेल्या चौघांपैकी दोघांच्या पायात वहाणा होत्या. विधीच्या जागेत कुणी वहाणा घालून येत नाही, म्हणजे ती माणसं मांडवाच्या कडेला उभी होती, पाहुणे किंवा शेजारी. बाकी दोन लहान मुलं, त्यांच्याबद्दल फोटो काहीच सांगत नव्हता. त्यांच्यापुढं मी प्रश्नचिन्ह ठेवलं आहे.

पाहुण्यांमधून मुलाकडचे आणि मुलीकडचे वेगळे करता येतात का?

एका फोटोवरून क्वचितच. ओळीत उभं राहण्यावरून तर नाहीच, फोटोग्राफर उंचीनुसार उभं करतो. पण त्याच लग्नाचे आणखी फोटो असतील तर काही विधी बाजू उघड करतात. होमाच्या वेळी नवरीच्या ओंजळीत लाह्या घालणारा आणि नवरदेवाचा कान पिळणारा मुलगा हा नवरीचा भाऊ. झालीचा फोटो असेल तर फारच उत्तम. दिवे लावलेली वेळूची परडी ज्यांच्या डोक्यावर एकामागून एक ठेवली जाते ती सगळी मुलाकडची माणसं, आणि ती ठेवणारे वधूचे आईवडील. एका झालीच्या फोटोवरून मी सहा-सात माणसांची बाजू पक्की केली आहे.

काळ्या-पांढऱ्या फोटोत नवरीची साडी काळी दिसते. असं कसं?

ती काळी नसते. जुन्या काही फिल्मना लाल रंग जवळजवळ दिसतच नसे, म्हणून लाल शालू काळा उतरे आणि कुंकूही काळं. अशा फिल्मवर पिवळी अष्टपुत्रीसुद्धा मळकट, गडद येते. नंतरच्या, सगळे रंग टिपणाऱ्या फिल्मवर तीच पिवळी साडी फिकट, जवळजवळ पांढरी दिसते. तेव्हा गडद-फिक्यावरून पिवळी नेसलेली नवरी शोधू नका. हातानं रंगवलेले फोटो असतील तर तिथला रंग रंगवणाऱ्याच्या मनचा, त्यावर तर मुळीच विसंबू नका.

नवरी पांढऱ्या साडीत आहे. हे लग्नच आहे ना?

हो, आणि हे नीट समजून घ्या. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर मुंबईत, वरळी-नायगावच्या बीडीडी चाळींपासून सगळीकडे, बौद्ध पद्धतीनं लग्नं लागू लागली. त्यांत वधू-वर दोघंही पांढऱ्या कपड्यांत असतात. अंतरपाट आणि होम नसतो, समोर बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो, मेणबत्त्या, फुलं. विधी लावणारे बौद्धाचार्य हेही पांढऱ्या कपड्यांतले गृहस्थच असतात, त्यामुळं त्यांना पाहुण्यांतून वेगळं काढायला पुन्हा जागाच पाहायची. मूर्तीच्या बाजूला, जोडप्याकडे तोंड करून, हातात पुस्तिका किंवा माईक. भिक्खू असतील तर प्रश्नच नाही, चीवर आणि बहुधा उघडा उजवा खांदा. आणि तो उघडा खांदा फोटोत डावा दिसला, तर वर सांगितलेला उलट्या छपाईचा संशय घ्या.

पारशी शेजाऱ्यांच्या लग्नाचे फोटोही मराठी घरांच्या वह्यांत सापडतात. तिथं नवरदेव पांढऱ्या डगलीत, धर्मगुरू पांढऱ्या जाम्यात, पाहुणेही पांढरे. डोकं पाहा. धर्मगुरूंची पगडी पांढरी असते, इतरांच्या डोक्यावर काळी, चकचकीत पगडी किंवा टोपी. जोडपं खुर्च्यांवर बसलेलं आणि धर्मगुरू समोर उभे राहून तांदूळ टाकताना दिसतात.

सत्यशोधक पद्धतीच्या लग्नात तर भटजी नसतातच. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला तेव्हापासूनची ही रीत. घरात ती परंपरा असेल, तर फोटोत भटजी शोधत बसू नका.

नक्की ठरत नसेल तर फोटोवर काय लिहायचं?

दिसतं ते एका ओळीत आणि त्यावरून केलेला अंदाज दुसऱ्या ओळीत. उदाहरणार्थ, ‘डावीकडून तिसरे, सोवळ्यात, ओंजळ पुढे’ ही एक ओळ, आणि खाली ‘बहुधा वधूचे वडील, पत्नीचा हात कोपराला’. उद्या कुणाला वेगळं कळलं तर पहिली ओळ तशीच राहते. मऊ पेन्सिलीनं, मागच्या बाजूला, कडेला लिहा. बॉलपेनचा दाब पुढून चेहऱ्यावर उमटतो. फोटो उलटा छापलेला असेल तर तेही लिहा, नाहीतर ‘डावीकडून तिसरे’ म्हणजे कुठून, हे पुढच्याला कळणार नाही.

आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारताना “हे भटजी ना?” असं विचारू नका. ती बिचारी “असतील” म्हणतात आणि तेच पुढं खरं होऊन बसतं. फोटो त्यांच्या हातात द्या, भिंग द्या आणि फक्त “हे कोण?” एवढंच विचारा.